लावायचं का खायाचं?

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी माझ्या टेबलापाशी आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सत्तरीतल्या एक आजी. त्यांनी पुडा उचलला, नाकाशी नेला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काय वो ताई, हा साबण आंगाले लावाचा का तोंडाले?"

मी म्हटलं, "साबण नाही आजी, खायचं आहे."

"मंग असा साबणावानी काहून दिसते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पारदर्शक पुड्यात पिवळेजर्द चौकोनी ठोकळे आणि वर सोनेरी अक्षरात 'सुवर्णामृत वेलनेस क्यूब्ज'. हे नाव मी पंधरा दिवस खपून काढलं होतं. वहीची चार पानं भरली होती, जावेला झोपेतून उठवून वाचून दाखवलं होतं. प्रदर्शनाच्या तीन दिवसांत ते नाव वाचून हे काय आहे ते बरोबर ओळखणारा एकही माणूस भेटला नाही. कोणी साबण म्हणालं, कोणी उटणं, कोणी पूजेचा कापूर. एक शेतकरीदादा थांबले, 'सुवर्ण' एवढंच वाचलं आणि सरळ विचारलं, "कपाशीवर मारायचं आहे का?" त्यांचंही बरोबरच होतं. आमच्याकडे सोनं, सुवर्ण, गोल्ड असली नावं बियाण्याच्या नाहीतर औषधाच्या पाकिटावरच असतात.

आता ते ठोकळे होते काय, ते सांगते. माझं माहेर समुद्रपूर तालुक्यातलं, म्हणजे वायगाव हळदीचा टापू. त्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खासगी शाळेतली माझी कारकुनी सुटल्यावर मी आणि माझी जाऊ बोरगाव मेघेच्या आमच्या घरात, मागच्या पडवीत, बचत गटातून या धंद्याला लागलो. एक किलो गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळायचा आणि गोळीबंद पाक होईपर्यंत आटवायचा. पन्नास ग्रॅम हळद चमचाभर तुपात जरा परतून घ्यायची म्हणजे तिचा कच्चा उग्रपणा जातो. पाक उतरवून त्यात ती हळद, पंधरा ग्रॅम सुंठ आणि पाच ग्रॅम मिरेपूड घोटायची. तूप लावलेल्या ताटात ओतून कोमट असतानाच दहा-दहा ग्रॅमचे चौकोन कापायचे. कपभर गरम दुधात एक ठोकळा टाकला की हळददूध तयार. हळद मोजायला नको, साखर शोधायला नको. घरी आलेल्या प्रत्येकाला हे आवडायचं. घरी आम्ही ते दुधात टाकून देत होतो, म्हणून कोणी 'हे काय' असं विचारतच नव्हतं. प्रदर्शनातल्या टेबलावर दूधही नव्हतं आणि आम्हीही किती जणांना पुरणार?

तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की चूक छपाईची आहे. अक्षरं मोठी करू, दुधाच्या पेल्याचं चित्र टाकू. पण हजार पुडे छापून झाले होते. त्यातले आठशेच्या वर अजून माळ्यावर आहेत. जाऊ त्यात वाळवणातल्या कुरड्या भरते.

नागपूरचे माझे मामा दिवाळीनंतर आले होते. इतवारीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे त्यांनी तीस वर्षं फिरतीची नोकरी केली. कुठल्याही मालाकडे ते एकाच नजरेनं पाहतात: हा दुकानदार कोणत्या फळीवर ठेवेल? पुडा हातात घेऊन त्यांनी मला हेच विचारलं. मी म्हटलं, "मामा, हे नवीनच आहे. अजून याची फळीच नाही." ते म्हणाले, "फळी नसली तर दुकानदार गल्ल्यामागं ठेवते. गल्ल्यामागचं कोणी मागत नाही."

मग त्यांनी मला विकोची गोष्ट सांगितली. केशव विष्णू पेंढरकर हे नागपुरात किराणा दुकान चालवणारे गृहस्थ. ते मुंबईला गेले आणि १९५२ साली परळला त्यांनी कंपनी काढली. आधी वज्रदंती, नंतर हळदीचं क्रीम. हळदीनं कपडे पिवळे होतात, नवरा-नवरी पिवळे होतात, आणि हे गृहस्थ म्हणत होते की रोज तोंडाला लावा. या वस्तूला त्यांनी काही 'कांचनलेप' वगैरे नाव दिलं नाही. मामांनी बोटावर मोजून दाखवलं: 'विको' हे घरचं नाव, 'टर्मरिक' म्हणजे यात वेगळं काय आहे ते, आणि शेवटी 'क्रीम'. क्रीम म्हणजे काय, ते कुठं लावायचं, किती घ्यायचं आणि दुकानात कुठं मिळतं हे त्या काळच्या गिऱ्हाइकाला स्नोच्या बाटल्यांमुळं आधीच ठाऊक होतं. शिकवायचं उरलं ते एवढंच की यात हळद आहे आणि चेहरा पिवळा होत नाही.

"तुह्या नावात फळी कुठं आहे?" मामा म्हणाले. "क्यूब म्हणजे आकार झाला. साबणाचा क्यूब, मसाल्याचा क्यूब, बर्फाचा क्यूब. कोणत्या फळीवर ठेवू?"

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे मला वाटलं की नाव सापडलं. गरम पेय आहे, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं आहे, चहाची फळी तर प्रत्येक दुकानात असते. 'हळद चहा'! हातानं लिहिलेले शंभर स्टिकर लावून आठवडाभर विकले आणि खरंच, कोणी साबण म्हटलं नाही. पण लोक ठोकळा पाण्यात चहापत्तीसारखा खळखळ उकळायचे, वर दूध ओतायचे आणि सांगायचे की चहासारखं काही लागत नाही. लागणार कसं? त्यात चहा नव्हताच. आमच्या अन्न नोंदणीचे कागद करणाऱ्या पोराला स्टिकरचा फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन आला, "ताई, हे काढा." चहाच्या झाडाच्या पानांपासून केलेल्या पेयालाच चहा म्हणता येतं. २०२५ च्या डिसेंबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तसं स्पष्टच कळवलं आहे. फुलांचा, मुळांचा, पाल्याचा असला, तर तो 'चहा' नाही. लेबलावर पदार्थाचं नाव त्याचं खरं स्वरूप सांगणारं हवं, नाहीतर तो चुकीचं लेबल लावलेला माल ठरतो.

मला राग आला. माणसाला पटकन समजावं म्हणून ओळखीचा शब्द घ्यावा, तर तो शब्द दुसऱ्याच्या मालकीचा! पण शेजारच्या सेवाग्रामात बापू राहत होते त्या काळातली एक भानगड सासऱ्यांनी सांगितली तेव्हा राग जरा उतरला. डालडा १९३७ साली बाजारात आला. हायड्रोजन घालून घट्ट केलेलं तेल ते. त्याला लोक म्हणायला लागले 'वनस्पती तूप'. नाव समजायला इतकं सोपं की कोणाला काही विचारावंच लागलं नाही. तुपासारखंच कढईत घाला, तुपासारखीच फोडणी द्या. पण ते तूप नव्हतं. गांधीजींनी त्याविरुद्ध लिहिलं. वनस्पतीला रंग द्या म्हणजे ते तुपात मिसळलेलं ओळखू येईल, अशी मागणी पुढं बरीच वर्षं होत राहिली. रंग काही जमला नाही. शेवटी वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. तिळाचं तेल एका रासायनिक चाचणीत लालसर रंग देतं, त्यावरून तुपातली भेसळ पकडता यायची. एका शब्दानं केलेली गफलत निस्तरायला तेल, कायदा आणि प्रयोगशाळा लागली. माझ्या शंभर स्टिकरांना चाळीस रुपयांचा कागद लागला होता. मी ते काढून टाकले.

पुढचं नाव 'हळदीचा काढा'. हे सगळ्यांना एका दमात कळलं. करोनानंतर काढा न कळणारं घर शोधून सापडणार नाही. पण लोक पुडा हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "आमच्या घरी सध्या कोणी बिमार नाही." काढा आजाऱ्यानं प्यायचा असतो, तोही नाक दाबून. माझ्या गोड ठोकळ्याला मी स्वतःच कडू ठरवत होते. शिवाय मामांनी बजावलं की 'सर्दीवर, खोकल्यावर' असं काही लिहिलंस तर तो औषधाचा मामला होईल आणि त्याचा परवाना वेगळा.

औषध की रोजच्या वापराची वस्तू, हा प्रश्न विकोलाही चुकला नव्हता. उत्पादन शुल्क खात्याचं म्हणणं होतं की हे सौंदर्यप्रसाधन आहे, कंपनीचं म्हणणं होतं की हे आयुर्वेदिक औषध आहे. कर दोन्हींवर वेगळा. हा वाद १९७०च्या दशकापासून चालला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूनं निकाल लागला. त्याच न्यायालयात २००९ साली बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचा निकाल मात्र उलटा लागला. ते औषध नाही, दात घासायची पूड आहे, असं ठरलं. असल्या खटल्यांत एक कसोटी असते: बाजारात सामान्य माणूस त्या वस्तूला काय समजतो? वस्तूत कोणत्या वनस्पती आहेत हेही पाहतात, पण लोक रोज सकाळी उठून तिनं दात घासत असतील तर ते डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध आहे असं म्हणणं अवघड जातं. मला गंमत वाटली ती याची, की माझ्या टेबलापुढच्या आजींचा प्रश्न आणि न्यायमूर्तींपुढचा प्रश्न जवळजवळ एकच होता.

तिसरी मजल 'हळददूध वडी'. आता मी शहाणी झाले होते, असं मला वाटत होतं. ओळखीचा शब्द, खोटा नाही, औषधाचा नाही. पहिल्याच आठवड्यात एका बाईंचा फोन आला, "ताई, वडी लई झणझणीत आहे हो, पोट्ट्यानं थुंकली." सहा वर्षांच्या मुलानं नारळाच्या वडीसारखा अख्खा ठोकळा तोंडात टाकला होता. मिरे आणि सुंठ! वडी म्हटलं की हात तोंडाकडेच जाणार. आळूवडी, कोथिंबीरवडी, खोबऱ्याची वडी, कोणती वडी आपण दुधात विरघळवून पितो? मागे बारीक अक्षरात 'दुधात टाका' लिहिलं होतं. मागचं कोण वाचतं?

गाठ सुटली ती माझ्या लेकीच्या दहावीच्या अभ्यासात. ती मोठ्यानं समास पाठ करत होती. पुरणपोळी, पुरण भरून केलेली पोळी. साखरभात, साखर घालून केलेला भात. गुळांबा, गूळ घालून केलेला आंबा. मध्यमपदलोपी समास. मी पाक ढवळता ढवळता थांबले. ही तर सगळी कधीकाळी नवीन निघालेल्या वस्तूंची नावं! पहिल्यांदा कोणीतरी पोळीत पुरण भरलं असेल तेव्हा तिनं त्याला 'मधुरिमा' म्हटलं नाही. शेवटी पोळी ठेवली, म्हणजे ती लाटायची, भाजायची आणि ताटात वाढायची हे ठरलं. आधी पुरण जोडलं, म्हणजे रोजच्या पोळीहून वेगळं काय ते कळलं. मधलं 'भरून केलेली' गाळलं, कारण ते ऐकणाऱ्याला आपसूक समजतं. शेवटचा शब्द फळी, पहिला शब्द फरक. मामांनी क्रीमवरून सांगितलं ते हेच होतं, मला फक्त ते व्याकरणाच्या पुस्तकातून ऐकायला लागलं. आमच्या गावाच्या नावातसुद्धा तेच आहे, क्रम तेवढा उलटा. बोरगावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत. मेघे म्हटलं की वर्ध्याजवळचं, मंजू म्हटलं की अकोल्याकडचं.

मग मी वहीत एकच प्रश्न लिहिला: माझ्या ठोकळ्याचा शेवटचा शब्द कोणता? वजनानं पाहिलं तर दहातले नऊ ग्रॅम गूळच. वापरानं पाहिलं तरी तेच. गूळ दुधात विरघळवायचा असतो हे कोणाला शिकवावं लागत नाही, आणि दुकानात गुळाची जागा ठरलेली असते. 'हळदगूळ'. जावेला सांगितलं. या वेळी ती जागी होती. म्हणाली, "एवढं साधं?" मलाही तीच शंका होती. पंधरा दिवस खपून काढलेलं नाव वाया गेलं आणि हे तर दोन डब्यांवरचे शब्द एकाला एक चिकटवलेले.

या वेळी मात्र छापायच्या आधी तपासलं. वस्तू दाखवायची नाही, फोन करायचा, फक्त नाव सांगायचं आणि दोन प्रश्न विचारायचे: याचं तुम्ही काय कराल? किराण्यात गेलात तर कुठं शोधाल? उत्तर जसंच्या तसं लिहायचं, मध्ये समजावून सांगायचं नाही. हे न समजावणं फार अवघड जातं, जीभ चावून बसावं लागतं. वीस जणांना विचारलं. साबण कोणी म्हटलं नाही, थेट खाऊ असं तिघांनी म्हटलं, बाकीच्यांनी दूध, चहा किंवा गरम पाणी यातलं काहीतरी सांगितलं. शोधायची जागा बहुतेकांनी गुळाजवळ सांगितली, दोघा-तिघांनी मसाल्यांत. अशीच तपासणी 'सुवर्णामृत'ची आधी केली असती तर माळ्यावरचे पुडे वाचले असते.

दुसरी तपासणी मी केली नाही, ती आपोआप झाली. पंधरा दिवसांनी एक गिऱ्हाईक बाई परत आली आणि म्हणाली, "तो दुधातला गूळ द्या ना, आमच्या बुढ्याले आवडला." हळदगूळ हे नाव ती विसरली होती, पण तिनं स्वतः केलेल्या नावातही शेवटी गूळच होता. आणि माझ्या नावात नसलेली एक गोष्ट तिनं घातली होती, दूध. तेव्हापासून लेबलावर मोठ्या अक्षरात 'हळदगूळ' आणि त्याखाली, मागच्या बाजूला नाही, पुढच्याच बाजूला, 'दुधात टाकायचा'. ओळ त्या बाईंची आहे. आमच्या बचत गटाचं नाव कोपऱ्यात बारीक आहे.

कागद करणाऱ्या पोरानं यावरही एक सूचना केलीच. नुसतं 'गूळ' लिहू नका. गुळाचं मानक वेगळं आहे आणि यात हळद, सुंठ, मिरे आहेत, तेव्हा घटक उतरत्या क्रमानं नीट लिहा. 'वायगाव' हा शब्दही त्यानं काढायला लावला. मानांकन मिळालेलं नाव वापरायला त्याच्या अधिकृत वापरकर्त्यांत नोंद लागते. माझ्या माहेरची हळद असून माझ्या लेबलावर माझ्या माहेरच्या मुलखाचं नाव नाही. ती नोंद भावाच्या नावानं करायचं चाललं आहे.

मग मला हळदगूळ नावाची ट्रेडमार्क नोंदणी करायची हौस आली. लहान उद्योगाला एका वर्गासाठी अर्जाची फी साडेचार हजार. सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी फी घ्यायच्या आधीच सांगितलं की माल कशाचा आहे एवढंच सांगणारा शब्द कायदा एकट्याच्या नावावर करून देत नाही. उद्या कोणी पुरणपोळी नावावर करायला गेलं तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणजे जे नाव ऐकताच कळतं ते माझं होऊ शकत नाही, आणि जे माझं होऊ शकतं ते कोणाला कळत नाही. माझं सुवर्णामृतही अगदीच वाया गेलं नव्हतं तर. ते कोपऱ्यातल्या जागेचं नाव होतं, मी त्याला मधोमध बसवलं होतं. साडेचार हजार गटाच्या नावासाठी ठेवले आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात वर्ध्यात दुसऱ्या एका गटाच्या टेबलावर 'हळदगूळ' अशी पाटी पाहिली. पोटात खड्डा पडला. त्यांच्यात सुंठ जास्त होती, चौकोन लहान होते, किंमत आमच्यापेक्षा पाच रुपयांनी कमी. मामांना फोन केला तर ते हसत सुटले. म्हणाले, "दोन जण विकाले लागले ना? आता दुकानदार फळी देईल." फळी अजून मिळालेली नाही, पण एका किराणा दुकानदारानं दोन्ही गटांचे पुडे गुळाच्या ढेपेशेजारी ठेवले आहेत. गल्ल्यामागं नाहीत.

एक तक्रार मात्र अजून येते आणि तिचं मूळ नावातच आहे. गूळ म्हटला की काही जण तो उकळत्या दुधातच टाकतात आणि दूध फाटतं. म्हणून तुम्ही घरी करून पाहणार असाल, किंवा आमचा नेणार असाल, तर गॅस बंद करा, दूध खाली उतरवा, घटकाभर थांबा आणि मग ठोकळा टाका. आणि पावसाळ्यात पुडा उघडा ठेवू नका, गुळाला पाणी सुटतं.